आठ अक्षरांत ओला-सुका : सोसायटीच्या मोहिमेसाठी यमकाच्या ओळी कशा लिहाव्यात

सोसायटीच्या सभेत कचऱ्याचा विषय निघाला की सेक्रेटरी कुणाकडे तरी बोट दाखवून म्हणतात, "तुम्ही लिहिता ना काहीतरी? चार ओळी करून द्या की, बोर्डावर लावू." हा लेख त्या 'कुणीतरी'साठी आहे. कविता पूर्वी केली नसली तरी चालेल, मात्र स्वयंपाकघरातला कचरा रोज स्वतःच्या हाताने टाकत असाल तर बरे. या ओळी ज्या माणसासाठी लिहायच्या तो आपल्या डब्यासमोर दोन सेकंद अडलेला असतो, आणि त्या दोन सेकंदांत त्याला आपली ओळ आठवली पाहिजे.

बहुतेक जण पहिली ओळ लिहितात ती अशी :

स्वच्छ ठेवू परिसर,
आनंदी हो घरोघर.

अक्षरे नीट आहेत, यमकही आहे. पण हातात दुधाची रिकामी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातून काय कळले? काहीच नाही. अशी ओळ वाचून कुणी रागावत नाही आणि कुणी कचराही वेगळा करत नाही. मोहिमेच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात : एक वस्तू, तिचे काय करायचे, आणि ती कुठे जाते. तिन्ही नसतील तर ओळ कितीही गोड असो, ती बाजूला ठेवा.

आधी कचरा बघा, मग वही उघडा

लिहायला बसण्याआधी आठवडाभर सकाळी कचरा गोळा होतो त्या वेळी खाली जा. तुमच्याकडचे सफाई कामगार किंवा कचरावेचक डबे ओतून हाताने वेगळे करत असतात. त्यांना एकच विचारा : "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उत्तर 'ओला-सुका मिसळतात' असे मोघम मिळणार नाही. नेमक्या वस्तू कळतील. गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात ओला कचरा. न धुतलेल्या दूधपिशव्या. उघडे टाकलेले पॅड. पाणी निथळत असलेला चहाचा चोथा. ही झाली तुमच्या कवितेची विषयसूची. केळ्याचे साल कुठे जाते हे साऱ्यांना माहीत असते, त्यामुळे त्यावर दहा कडवी खर्ची घालण्यात अर्थ नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट विचारून घ्या, ती म्हणजे तुमच्या सोसायटीत प्रत्यक्षात किती भाग केले जातात. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरोघरी तीन भाग करायचे होते : ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्या डब्यात ठेवायची सूचना त्यात होती. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत. म्हणजे जुन्या मोहिमेतली "दोन डबे, दोनच डबे" अशी ओळ आज लावली तर ती चुकीचे शिकवेल. पालिकेची घंटागाडी आणि सोसायटीचा खतखड्डा जे मागतात तेच ओळीत यायला हवे. करवंटी, आंब्याची कोय, हाडे या वस्तू कुजायला फार वेळ घेतात, म्हणून काही ठिकाणी त्या ओल्यातून वेगळ्या मागतात. त्यांच्यावर लिहायचे तर आधी खड्डा सांभाळणाऱ्यांना विचारा, यमक नंतर शोधा.

रंगांबद्दलही सावध राहा. ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा ही जोडी आता सगळीकडे दिसते, पण स्वयंपाकघरातली बादली कुठल्याही रंगाची असू शकते. ज्या घरात ओल्या कचऱ्याला लाल बादली आहे तिथे "हिरव्यात टाका" ही ओळ गोंधळ वाढवते. म्हणून मी ओळीत 'ओला डबा', 'सुका डबा' असेच म्हणतो आणि रंग चिकटपट्टीवर सोडतो.

साचा : आठ अक्षरांचा चरण

नवशिक्याने मात्रावृत्तांच्या वाटेला जाऊ नये. लघु-गुरू मोजत बसलात तर मोहीम संपून जाईल. ओवी-अभंगांच्या घराण्यातला आठ अक्षरांचा चरण सर्वांत सोपा. त्यात ऱ्हस्व-दीर्घ बघायचे नाही, फक्त अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे : 'डब्यात' म्हणजे ड-ब्या-त, तीन अक्षरे. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. चार अक्षरांनंतर किंचित थांबता आले तर ओळ टाळीवर छान बसते. ती बसलीच पाहिजे असे मात्र नाही. चाल हवी असेल तर भजनाच्या पुष्कळ साध्या चाली या ओळींना चालतात, कारण त्यांतल्या बऱ्याच याच मापावर वाढल्या आहेत.

अशा दोन चरणांची जोडी दारावर चिकटवायला पुरते. थोडे अधिक सांगायचे असेल तर चार चरण घ्या. चारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक जुळले तरी कान समाधानी होतो. पहिली आणि तिसरी मोकळी ठेवली की सांगायचे ते वाकवावे लागत नाही.

अक्षरांच्या हिशेबात एक फसवणूक दडलेली असते. लिहिताना 'कचरा' तीन अक्षरांचा, पण बोलताना आपण 'कच्रा' म्हणतो, कानाला दोनच ठोके. 'वाळवून' लिहायला चार अक्षरे, बोलायला 'वाळ्वून'. गाताना गळा मधला 'अ' उच्चारून घेतो, त्यामुळे ओवीत काही अडत नाही. पण मुले जिन्यात ओरडून म्हणतील तेव्हा ओळ अर्धी पडते. म्हणून आठ मोजून झाले की बोलीच्या वेगात, टाळी वाजवत ओळ म्हणा. शेजारशेजारच्या ओळी कानाला साधारण सारख्या लांबीच्या वाटल्या की पुढे जा.

यमकाचे किमान माप म्हणजे शेवटचे अक्षर सारखे असणे. त्याच्या आधीचा स्वरही जुळला तर यमक पक्के. 'भात' आणि 'डब्यात' पक्के, 'नका' आणि 'सुका' कच्चे. कच्चे यमक निषिद्ध नाही. निषिद्ध काही असेल तर ते 'करूया–धरूया', 'ठेवूया–जपूया' असले क्रियापदांचे यमक. ते जुळवायला काही कष्ट नाहीत, आणि नेमक्या शेवटच्या जागी, जिथे कान सर्वांत सावध असतो, तिथे ते काहीच सांगत नाही. ओळीचा शेवट म्हणजे तुमच्याकडची सर्वांत महाग जागा. तिथे वस्तूचे नाव ठेवा नाहीतर डब्याचे.

चोथा, साल, शिळा भात
गाळून ओल्या डब्यात.

पहिल्या ओळीत वस्तू, दुसरीत कृती आणि डबा. 'गाळून' हा शब्द इथे भरतीचा नाही. ओल्या डब्याची दुर्गंधी बरीचशी पाण्यामुळे येते, आणि खतखड्ड्यात फार ओले गेले तर हवा खेळत नाही, ढीग आंबतो. तो एक शब्द काढून 'सगळे' किंवा 'सारेच' घातले तरी अक्षरांचा मेळ घालता येईल, पण ओळीतले निम्मे ज्ञान जाईल.

याहून छोटे हवे असेल, लहान मुलांसाठी, तर एका ओळीच्या आतच यमक बसवा :

केळे सोला, डबा ओला!
पुठ्ठा, खोका, डबा सुका!

पहिल्या ओळीतला मेळ पक्का आहे, दुसरीतला कच्चा. पण ठोका इतका ठसठशीत आहे की मुले तो भरून काढतात.

एक वस्तू शेवटपर्यंत : दुधाची पिशवी

आता एकच वस्तू घेऊन ओळी कशा घडतात ते पाहू. दूधपिशवी मी मुद्दाम निवडली, कारण ती घरोघरी रोज रिकामी होते आणि तिच्यात दोन चुका होतात. पहिली : कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण सुटतो. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा कचरावेचकाच्या हाताला लागत नाही. तो सिंकमध्ये, ओल्यात किंवा रस्त्यावर जातो. पिशवी भंगारात पुन्हा वापरात येते, तुकडा येत नाही. दुसरी चूक म्हणजे पिशवी न धुता टाकणे. आत राहिलेले दूध नासते, वास येतो, आणि सोबतची कोरडी रद्दीही खराब होते.

म्हणजे सांगायचे असे : कोपरा अर्धवट कापा, पिशवी धुवा, वाळवा, सुक्यात टाका. चार कृती, आणि हाताने ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने ओळीत यायला हव्यात. यमकासाठी 'वाळवा' आधी आणि 'धुवा' नंतर आले, की वाचणारा हसतो आणि विसरतो.

पहिला प्रयत्न बहुतेक जण 'पिशवी' शेवटी ठेवून करतात. मग 'पिशवी'ला यमक काय? झटकन सुचते 'हिरवी'. कागदावर सुरेख दिसते, पण हिरवा रंग तर ओल्याचा! यमक तुम्हाला थेट चुकीच्या डब्याकडे ओढत नेते. तुम्ही म्हणाल, 'बादली नको ती हिरवी' असे नकारार्थी लिहू. तेही नको. चार दिवसांनी लोकांच्या डोक्यात 'पिशवी' आणि 'हिरवी' एवढेच उरते, 'नको' गळून जाते. यमक जे दोन शब्द जोडते ते कायमचे जोडते, म्हणून चुकीची जोडी नकारातसुद्धा करू नये. वस्तू जिथे जायला हवी तेच सांगा.

तेव्हा 'पिशवी' शेवटावरून हलवू आणि शेवट 'सुका'ला देऊ.

दूधपिशवीचा कोना
कापा, पण तोडू नका;
विसळून, वाळवून
मग तिचा डबा सुका.

मोजून पाहा, चारही ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत. आता मोठ्याने म्हणा. तिसऱ्या ओळीवर अडखळल्यासारखे होते ना? 'विसळून, वाळवून' लिहायला आठ अक्षरे, पण बोलताना 'विस्ळून, वाळ्वून', चारच ठोके. वरची 'कापा, पण तोडू नका' चांगली सात ठोक्यांची, आणि तिच्याखाली ही चारची. पायरी चुकावी तसे होते. शिवाय 'ऊन'कारान्त शब्दांत आज्ञा दिसत नाही, सगळे घाईत उरकल्यासारखे वाटते. छोटी, आदेशाची क्रियापदे घालू :

दूधपिशवीचा कोना
कापा, पण तोडू नका;
धुवा, टांगा, वाळू द्या ती,
मग तिचा डबा सुका.

'टांगा' हा शब्द नव्याने आला आणि फायद्याचा ठरला. पिशवी ओट्यावर आडवी ठेवली तर आत पाणी साचून राहते. उलटी टांगली की निथळते. ओळ दुरुस्त करताना अशी एखादी जास्तीची सूचना हाती लागली तर समजा, काम योग्य वाटेने चालले आहे.

यमक 'नका–सुका' कच्चे आहे, हे मान्य. ते पक्के करायला 'सुका'ला 'चुका' जोडता येईल : 'कापताना टाळा चुका'. पण मग कोणती चूक टाळायची? 'तोडू नका'मध्ये ती सांगितलेली होती, 'टाळा चुका'मध्ये ती गेली. मी कच्चे यमक ठेवीन. आणि 'नका' आहे म्हणून काळजी करू नका : इथे नकार कापण्याच्या पद्धतीला आहे, डब्याला नाही. डबा शेवटी, होकारात आला आहे.

संकोचाच्या वस्तू

पॅड आणि डायपर यांवर ओळी लिहायला समितीत सगळे कचरतात आणि शेवटी 'इतर कचरा' असे लिहून सुटका करून घेतात. पण ते उघडे आलेले हाताने उचलावे लागते ते कचरावेचकाला, त्यामुळे नाव घेऊनच लिहा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. ठिपका दिसला की आत काय आहे ते न उघडता कळते. तीच पद्धत आठ अक्षरांत :

पॅड किंवा डायपर
कागदात गुंडाळावे,
लाल खूण करा वर,
मग वेगळेच द्यावे.

इथे चारही ओळींची यमके आडव्या जोड्यांनी जुळली आहेत, 'डायपर–वर' आणि 'गुंडाळावे–द्यावे'. 'गुंडाळावे–द्यावे' हे क्रियापदांचे यमक आहे, ज्याला मी वर नावे ठेवली. पण 'ठेवूया–जपूया'मध्ये सांगण्यासारखे काही नसते. इथे दोन्ही क्रियापदे म्हणजेच सूचना आहेत, म्हणून चालते. सूर पाहा : यात विनोद नाही, लाजरेपणा नाही, आणि 'महिलांनो' असे संबोधनही नाही. घरातला कुणीही ही पुडी करू शकतो. विशेष काळजीच्या कचऱ्यावर, म्हणजे जुन्या गोळ्या, सेल, ट्यूबलाइट यांच्यावर, ओळी करण्याआधी ते कुठे आणि कोणत्या दिवशी घेतात हे पक्के करा. जागा ठरलेली नसताना 'वेगळे ठेवा' म्हटले तर लोक ठेवतात, महिनाभर वाट पाहतात आणि मग सुक्यात टाकतात.

सूर आणि शब्द

क्रियापदे आदरार्थी ठेवा : टाका, धुवा, द्या. 'टाक रे', 'लाज बाळग' असला सूर नोटीस बोर्डावर लागला की दोन मजले दुखावतात आणि दुखावलेला माणूस मुद्दाम चुकीचे टाकतो. कुणाच्या फ्लॅटकडे रोख असलेली कोपरखळी तर लिहूच नका. बऱ्याच घरांत कचरा बाहेर ठेवण्याचे काम मावशींकडे असते, त्यामुळे ओळी त्यांच्याही कानाला ओळखीच्या हव्यात. 'विघटनशील' हा शब्द आठापैकी सहा अक्षरे खाऊन टाकतो आणि स्वयंपाकघरात तो कुणीच बोलत नाही. साल, चोथा, पुठ्ठा, पिशवी, रद्दी हे शब्द मराठी फारशी न येणाऱ्या शेजाऱ्यालाही वस्तू समोर धरली की लगेच कळतात.

लावण्याआधी परीक्षा

ओळी झाल्या की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "कशा वाटल्या?" विचारू नका. हात जोडलेली चित्रे येतील आणि कळणार काहीच नाही. त्याऐवजी तीन माणसे गाठा : वॉचमन, एखाद्या घरच्या मावशी आणि सात-आठ वर्षांचे मूल. ओळ एकदाच वाचून दाखवा, थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारा, मग दुधाची रिकामी पिशवी हातात देऊन विचारा, "आता हिचे काय करायचे?" जो शब्द ते विसरतात तो तुमच्या ओळीतला कमजोर शब्द. डबा बरोबर सांगितला पण धुवायचे विसरले, तर 'धुवा' ओळीच्या मधोमध बुडाला आहे. तो पहिल्या जागी आणा. वरच्या कडव्यात तिसऱ्या ओळीची सुरुवात 'धुवा'ने होते ती याचसाठी.

मूल ओळ स्वतःच्या शब्दांत बदलून म्हणाले तर कान द्या. पुष्कळदा ते अवघड जागा आपोआप गुळगुळीत करते आणि त्याचा पाठ तुमच्यापेक्षा बरा असतो.

कुठे लावायच्या

सगळी कडवी एका मोठ्या फ्लेक्सवर छापून प्रवेशद्वारी लावणे हा सर्वांत खर्चीक आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. निर्णय प्रवेशद्वाराशी होत नाही, ओट्याजवळ होतो. दूधपिशवीचे कडवे छोट्या स्टिकरवर छापून घरोघरी द्या आणि सिंकच्या वर लावायला सांगा. चोथा-भाताची जोडी ओल्या डब्याच्या झाकणावर, आतल्या बाजूने, म्हणजे झाकण उघडले की समोर. पॅडचे कडवे बाथरूमच्या दाराच्या आत. लिफ्टमध्ये फक्त एक जोडी, आणि दर पंधरवड्याने ती बदला, कारण रोज तेच दिसले की डोळा त्यावरून घसरू लागतो. मुलांची 'केळे सोला' ओळ छापायची गरजच नाही, ती तोंडी पसरते.

लावल्यावर आठवड्याने पुन्हा सकाळी खाली जा आणि फक्त दूधपिशव्या पाहा. त्या वाळलेल्या येत आहेत का, कोपरा लटकलेला आहे का? कोपरे अजूनही सुटलेले असतील तर बहुधा लोक कात्रीने सरळ कापत आहेत आणि 'कोना कापा' एवढेच त्यांच्या लक्षात राहिले आहे. मग पहिल्या दोन ओळी अशा करून पाहा :

अर्धा कोना कापा फक्त,
अर्धा लटकत ठेवा;

'ठेवा' आल्यावर चौथ्या ओळीतला 'सुका' यमकाला उरत नाही, मात्र मोजलेत तर कळेल की दुसरी ओळ आठ अक्षरांचीच आहे. चौथी ओळ मग 'सुक्या डब्यामध्ये ठेवा' अशी घेता येते : पुन्हा आठ, 'ठेवा'ला 'ठेवा', म्हणजे खरे तर यमक नव्हे, पुनरुक्ती. पण हा बदल कोपऱ्यांची संख्या पाहून करायचा आहे, यमक पाहून नव्हे. पुढच्या आठवड्यात कोपरे लटकलेले दिसू लागले तर हाच पाठ छापा.